गल्लीतील केशकर्तनालयाची पारख : पाते, पाळी आणि पैसे

रविवारी सकाळी गल्लीतील केशकर्तनालयात गर्दी असते. बहुतेक ग्राहक सवयीने ठरलेल्या दुकानाची पायरी चढतात; मात्र ते चांगले आहे की नाही, हे खुर्चीत बसण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळू शकते.

पहिली कसोटी वस्तऱ्याची. आजकाल बहुतेक कारागीर दुधारी पात्याचे दोन तुकडे करून अर्धे पाते वस्तऱ्यात बसवतात. हे पाते ग्राहकासमोर वेष्टनातून काढले जाते का, हे पाहावे. परंतु नवे पाते म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे. आधीच्या ग्राहकाला ओरखडा गेला असेल तर रक्ताचा अंश पाते धरणाऱ्या खाचेत राहू शकतो. हेपेटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान 7 दिवस तग धरतो. म्हणून वस्तरा आधी धुऊन मग जंतुनाशकात ठेवावा लागतो. वाटीतील फिकट द्रावणात क्षणभर बुडवून काढल्याने भागत नाही. अनेक जंतुनाशकांना परिणामासाठी सुमारे 10 मिनिटे लागतात. एकाच तुरटीचा खडा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर फिरत असेल तर तीही धोक्याची खूण. तुरटी रक्त थांबवते, पण खडा निर्जंतुक राहतोच असे नाही. ओलसर, सामायिक टॉवेलमधून नायटा पसरू शकतो.

दुसरी कसोटी सातत्याची. ‘थोडे बारीक करा’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक कारागीर वेगळा लावतो. त्यामुळे मशीनच्या कंगव्याचा क्रमांक लक्षात ठेवावा. साधारणपणे 1 क्रमांकाने सुमारे 3, तर 2 क्रमांकाने सुमारे 6 मिलिमीटर केस राहतात. उठण्यापूर्वी दोन्ही कल्ले समान आहेत का, हे समोरून तपासावे. मान तिरकी असताना फरक लक्षात येत नाही.

प्रतीक्षेचा हिशेब माणसे मोजून चुकतो. समजा, दोन खुर्च्या नुकत्याच भरल्या आहेत आणि बाकावर चौघे आहेत. प्रत्येकाची कटिंग 20 मिनिटांची धरली, तर नव्या ग्राहकाची पाळी तासाभराने येईल. त्यांपैकी दोघांना दाढीही करायची असेल, तर वेळ आणखी वाढेल. म्हणून ‘किती जण आहेत’ याऐवजी ‘कोणाचे काय काम आहे’ असे विचारणे श्रेयस्कर.

दराचेही तसेच. समजा, फलकावर कटिंग 120 आणि दाढी 60 रुपये आहे. हिशेब 180 रुपयांचा. मात्र ‘साहेब, जरा मसाज करू का?’ या प्रश्नाला मान डोलावल्यास त्यात 150 रुपयांची भर पडून बिल 330 वर जाते. मसाजचा दर आधी विचारला तर वाद उद्भवत नाही.

या चारही बाबींत तडजोडीची मुभा सारखी नाही. फसलेली कटिंग महिन्याभरात वाढून निघते, वाया गेलेला तास विसरता येतो. अस्वच्छ वस्तऱ्याचा संसर्ग मात्र वर्षानुवर्षे सोबत राहू शकतो. त्यामुळे पाते बदलण्याची विनंती टाळणाऱ्या दुकानातून, पाळी आली असली तरी, उठून यावे.