रिकामी टाकी आणि वळवाचा वारा

गच्चीवर हजार लिटरची टाकी चढवायची म्हटलं की घरमालक आणि फॅब्रिकेटर दोघांच्याही डोक्यात भरलेल्या टाकीचंच वजन असतं. पाणी हजार किलो, प्लॅस्टिकची टाकी तीसेक, अँगलचा स्टँड नव्वदच्या आसपास. जाड अँगल घेतला की दोघेही निर्धास्त होतात. पण स्टँड उलथण्याची खरी भीती टाकी रिकामी असतानाच असते.

पुण्यातलं एक घर धरू. दीड मीटर उंच स्टँड, पाय एकमेकांपासून एक मीटरवर. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर दिला आहे. असा वारा सपाट भिंतीवर चौरस मीटरमागे सुमारे 93 किलोचा दाब देतो. टाकी गोल असल्यामुळे थोडा निसटतो, तरी तिला शंभर किलोच्या आसपास ढकल बसते, तीही गच्चीपासून दोन मीटरच्या वर. उलथवणारा जोर झाला साधारण 210 किलो-मीटर. भरलेली टाकी स्वतःच्या वजनावर 560 पर्यंत तग धरते. रिकामी टाकी आणि स्टँड मिळून 120 किलो. त्यांचा विरोध जेमतेम 60. उरलेले 150 अँकरनेच पेलायचे, म्हणजे वाऱ्याकडच्या दोन पायांपैकी प्रत्येक पाय 75 किलोच्या ओढीने वर उचलला जातो. आणि वळवाची वावटळ येते ती मे महिन्यात, पाणीटंचाईमुळे टाक्या कोरड्या असतात तेव्हाच.

12 मिलिमीटरच्या चांगल्या अँकर बोल्टला 75 किलो काहीच नाहीत. मात्र तो काँक्रीटमध्ये असला पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तीन-चार इंच जाड. वरून तो स्लॅबसारखाच दिसतो. कामगार त्यात भोक पाडून फास्टनर ठोकतो, नट घट्टही बसतो, पण बोल्टने धरलेला असतो तो विटांचा चुरा. भोक पाडताना राखाडी भुकटीऐवजी लाल भुकटी आली तर तिथेच थांबावं.

योग्य काम असं: पायाच्या जागी कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा, स्लॅबमध्ये सळया केमिकलने रोवायच्या आणि त्यांच्यावर फूटभर बाय फूटभराचा काँक्रीटचा ठोकळा कोब्याच्या सहा इंच वर येईल असा ओतायचा. फुटलेल्या कोब्याच्या कडांना ठोकळ्याभोवती गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं. ते राहिलं तर पहिल्याच पावसात खालचं छत ओलं होतं. ठोकळा पुरेसा पक्का झाल्यावर त्यावर आठ इंची चौरस, 10 मिलिमीटर जाड बेस प्लेट, चार बोल्टांनी. प्लेटखाली न आकसणारं ग्राउट भरावं, म्हणजे ती चारही कोपऱ्यांवर सारखी टेकते. भोकातली भुकटी ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढावी, नाहीतर केमिकल काँक्रीटला न चिकटता भुकटीलाच चिकटतं.

हे ठोकळे कुठे घ्यायचे? घराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो आणि टाकी तेवढ्याच जागेत हजार किलोंवर भार देते. म्हणून पाय स्लॅबच्या मध्यावर कधीच नकोत, बीम किंवा कॉलमवर हवेत. बीम कुठे आहेत ते खालच्या खोलीत उभं राहून छताकडे पाहिलं की कळतं. एक मीटरवर दोन बीम अर्थातच सापडत नाहीत. खोली तीन मीटरची असेल तर 125 मिलिमीटरची दोन चॅनेल या बीमवरून त्या बीमवर टाकावीत, ठोकळे चॅनेलच्या टोकांखाली घ्यावेत आणि स्टँडचे पाय चॅनेलवर बोल्टने धरावेत. चॅनेल स्लॅबला मध्ये टेकता कामा नयेत. घर जुनं असेल तर बीमही इंजिनिअरला दाखवून घ्यावेत.

आता ब्रेसिंग. आडव्या पट्ट्या कितीही लावल्या तरी चौकट तिरकी होऊ शकते. तिला रोखतो तो कर्ण. बारीक अँगल ओढ सोसतो, दाबाखाली वाकतो. वारा दोन्हीकडून येतो, म्हणून प्रत्येक बाजूला दोन कर्णांची कैची हवी. पाइपसाठी किंवा ये-जा करायला एक बाजू उघडी ठेवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. त्या बाजूचे पाय हलतात आणि सगळा ताण प्लेटजवळच्या वेल्डवर येतो. पाइप कैचीतूनही नेता येतो.

टाकीखाली नुसत्या पट्ट्यांची जाळी नको, पूर्ण सपाट पत्रा हवा. अंतरांमध्ये प्लॅस्टिकचा तळ खाली झुकतो आणि कालांतराने चिरतो. टाकीलाही स्टँडशी पट्टा हवा. स्टँड पक्का असला तरी 30 किलोची मोकळी टाकी त्या वाऱ्यात एकटीच उडेल.

दरवर्षी एप्रिलमध्ये टाकी धुवायला रिकामी केली की स्टँड दोन्ही हातांनी हलवून पाहावा. प्लेट उचलल्यासारखी झाली तर नट ढिला आहे किंवा अँकर सुटतो आहे. प्लेटजवळच्या वेल्डवर रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला, तर रंग देऊन ती झाकू नये. वेल्ड घासून पुन्हा करावा, मगच टाकी भरावी.