थकलेल्या बिलाचे पत्र

चित्रे प्रकाशकाला आवडतात, पुस्तक छापखान्यात जाते, सगळे समाधानी असतात आणि चित्रकाराचे बिल मात्र तसेच पडून राहते. घरून काम करणाऱ्या चित्रकारांना हा अनुभव नवा नाही. मागावे तर संबंध बिघडतील, पुढचे काम जाईल, या भीतीने कित्येक जण गप्प बसतात. शेवटी सहन होईनासे झाले की एखाद्या रात्री रागाच्या भरात लांबलचक मेल लिहिली जाते. या दोन्ही टोकांच्या मध्ये एक साधी, ठाम आणि सभ्य मेल असते. देय तारखेला महिना उलटला की तीच लिहायची असते, आणि ती कशी लिहायची हे शिकता येते.

त्याआधी बिल अडते कुठे हे समजून घ्यायला हवे. चित्रकाराचा रोजचा संबंध संपादकाशी असतो. चित्रे मंजूर तोच करतो आणि बिलही बहुतेक वेळा त्याच्याच मेलवर जाते. पैसे मात्र तो देत नाही, ते अकाउंट्स विभाग देतो. तिथे बिल नोंदवून घ्यायला बिलाचा क्रमांक व तारीख, संस्थेचे अचूक नाव, चित्रकाराचा पॅन, बँक खात्याचा तपशील आणि काम मंजूर झाल्याची नोंद लागते. यातले एक जरी नसले तरी बिल बाजूला पडते, आणि तसे कळवण्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. चित्रकार समजतो की पैसे बुडवले जात आहेत, संपादक समजतो की पैसे केव्हाच गेले असतील. म्हणून महिनाभर थकलेले बिल म्हणजे फसवणूकच, असे धरून चालू नये. मेल अशी हवी की संपादकाने ती तशीच पुढे पाठवली, तरी अकाउंट्समधल्या माणसाला दुसरा कागद शोधावा लागू नये.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका चित्रकर्तीने मुंबईच्या प्रकाशनासाठी मुलांच्या पुस्तकाची आतली 16 चित्रे प्रत्येकी 3,000 रुपयांनी आणि मुखपृष्ठ 14,000 रुपयांना केले. एकूण 62,000 रुपये. अंतिम चित्रे 3 जूनला गेली, 4 जूनला मंजुरीची मेल आली, 5 जूनला बिल पाठवले. बिलापासून 30 दिवसांत पैसे, असे काम ठरवतानाच्या मेलमध्ये लिहिलेले होते. म्हणजे देय तारीख 5 जुलै. 13 जुलैला तिने दोन ओळींची आठवण केली, तेव्हा ‘बिल अकाउंट्सकडे दिले आहे’ असे उत्तर आले. आज 5 ऑगस्ट आहे. ती आता असे लिहील:

विषय: बिल क्र. 14, रु. 62,000, देय तारीख 5 जुलै, रक्कम अद्याप मिळालेली नाही

नमस्कार सर,

मुलांच्या पुस्तकातील चित्रांचे बिल (क्र. 14, दिनांक 5 जून) देय होऊन आज एक महिना झाला. बिलाची रक्कम रु. 62,000 आहे. 10 टक्के टीडीएस वजा जाता रु. 55,800 माझ्या खात्यात यायला हवेत. ते अजून जमा झालेले नाहीत.

अंतिम चित्रे मी 3 जूनला पाठवली आणि 4 जूनला आपण ती मंजूर केलीत. काम ठरवताना बिलापासून 30 दिवसांची मुदत ठरली होती. 13 जुलैला मी विचारले, तेव्हा बिल अकाउंट्सकडे दिल्याचे आपण कळवले होते.

कृपया ही रक्कम 12 ऑगस्टपर्यंत जमा करावी आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कळवावा. बिलात त्रुटी असेल किंवा एखादा कागद हवा असेल, तर 7 ऑगस्टपर्यंत सांगावे. मी त्याच दिवशी पाठवीन.

दुसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल आपले बोलणे झाले आहे. हे बिल चुकते झाल्यावर मी ते काम सुरू करीन.

बिल, मंजुरीची मेल आणि बँकेचा तपशील सोबत पुन्हा जोडला आहे. ही मेल अकाउंट्स विभागालाही पाठवत आहे.

आपली,
(नाव, फोन)

या मेलमध्ये विशेषणे जवळपास नाहीत. ‘अत्यंत खेदाने’, ‘वारंवार विनंती करूनही’, ‘मी किती अडचणीत आहे’ यांतले काही नाही. ठामपणा तारखांमधून आला आहे. 3 जून, 4 जून, 5 जून, 5 जुलै, 13 जुलै या तारखा क्रमाने वाचल्या की वाचणाऱ्याला वाद घालायला जागा उरत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये आहे. घरच्या अडचणी लिहिल्या की मागणीची विनवणी होते आणि पैसे देणे ही समोरच्याची मेहेरबानी ठरते. काम झाले, मंजूर झाले, एवढे कारण मागणीला पुरेसे आहे.

टीडीएसची ओळ लहान वाटली तरी महत्त्वाची आहे. व्यावसायिक सेवेचे मानधन देताना वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की संस्था साधारणपणे 10 टक्के कर कापून उरलेले पैसे देते. कापलेले 6,200 रुपये चित्रकर्तीच्या पॅनवर सरकारजमा होतात. ती विवरणपत्र भरेल तेव्हा ते तिच्या करात वळते होतील किंवा परत मिळतील. म्हणून 62,000 ऐवजी 55,800 आले तर ते कमी पैसे नव्हेत. मेलमध्ये दोन्ही आकडे असले की अकाउंट्सशी होणारा एक वाद आधीच मिटतो.

‘लवकरात लवकर पैसे द्यावेत’ या वाक्याला उत्तर देणे सोपे असते: ‘हो, लवकरच’. तारीख दिली की उत्तरही तारखेतच द्यावे लागते. इथे दोन तारखा आहेत. त्रुटी कळवण्यासाठी 7 ऑगस्ट, पैशांसाठी 12 ऑगस्ट. पहिली तारीख उलटून गेली आणि 11 ऑगस्टला ‘पॅनची प्रत हवी होती’ असे कुणी सांगितले, तर विलंब कुणाचा ते लेखी स्पष्ट होते. यूटीआर, म्हणजे बँकेच्या प्रत्येक हस्तांतरणाला मिळणारा क्रमांक, मागण्याचे कारण हेच. ‘प्रोसेसमध्ये आहे’ या शब्दांवरून पैसे निघाले की नाही हे कळत नाही, यूटीआरवरून कळते.

नव्या मुखपृष्ठाचे वाक्य ही या मेलमधली खरी ताकद आहे. त्यात धमकी नाही. पुढचे काम कधी सुरू करायचे हा चित्रकर्तीचा स्वतःचा निर्णय आहे, आणि तो तिने आधीच कळवला आहे. याउलट ‘पैसे दिले नाहीत तर चित्रे वापरू देणार नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो बहुतेक वेळा आवरावा. मागणीवरून पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा कॉपीराइट कुणाचा, याचे उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कामाच्या स्वरूपावर आणि करारावर अवलंबून आहे. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच वापराचा हक्क मिळेल’ असे काम सुरू होण्याआधी लेखी ठरलेले असेल, तर ते वाक्य जरूर उद्धृत करावे. तसे ठरलेले नसेल तर हा दावा करू नये. पोकळ धमकी एकदा उघडी पडली की पुढच्या खऱ्या वाक्यालाही वजन राहत नाही.

कायद्याचे एक पाठबळ मात्र अनेक चित्रकारांना ठाऊक नसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी काही ठरलेलेच नसेल, तर 15 दिवस. सेवा देणारी एकटी व्यक्तीही ‘उद्यम’ पोर्टलवर विनामूल्य नोंदणी करून सूक्ष्म उद्योग होऊ शकते. मात्र नोंदणी काम घेण्याआधी हवी. बिल थकल्यावर केलेली नोंदणी जुन्या कामाला उपयोगी पडेल, असे धरून चालता येत नाही.

या कायद्यात थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. बँक दर साडेपाच टक्के धरला तर ते वर्षाला साडेसोळा टक्के होते. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचे व्याज साधारण 850 रुपये. एवढ्यासाठी पहिल्याच ठाम मेलमध्ये व्याजाची मागणी केली तर मूळ रक्कम बाजूला राहून वाद व्याजावर सुरू होतो. ती पुढच्या पत्रासाठी ठेवावी. संस्थेला जास्त टोचणारी तरतूद करकायद्यातली आहे. 2023 च्या वित्त कायद्याने असे ठरवले की सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजा करता येतो. अर्थात ऑगस्टमध्ये याचा दबाव कमी असतो, कारण मार्चपर्यंत पैसे दिले तरी वजावट त्याच वर्षी मिळते. बिल 31 मार्च ओलांडू लागले, की हाच मुद्दा त्यांच्या हिशेबनीसाला सर्वांत आधी समजतो.

12 ऑगस्टला तीनपैकी एक गोष्ट घडलेली असेल. पैसे आले, तर दोन ओळींत पोच द्यावी आणि टीडीएसचे प्रमाणपत्र मागून ठेवावे. त्रुटी कळवली गेली, तर ती दुरुस्त करून नवी तारीख लेखी मागावी. काहीच घडले नाही, तर 13 ऑगस्टला दुसरी मेल जावी आणि ती संपादकाला नव्हे, संस्थेच्या मालकाला किंवा संचालकाला. त्या मेलमध्ये व्याजाचा आकडा यावा आणि उद्यम नोंदणी असेल तर सुविधा परिषदेकडे तक्रार करण्याची तारीखही. परिषदेने 90 दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, म्हणून तक्रार ही पहिली पायरी नव्हे.

फोनवर बोलणे झालेच, तर त्याच दिवशी ‘आज ठरल्याप्रमाणे 20 तारखेला रक्कम जमा होईल’ अशी एक ओळ मेलने पाठवावी. थकलेल्या पैशांसाठी दावा करायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि तिथे आठवणीपेक्षा लेखी ओळीला किंमत असते. संपादकाने ‘हो, एवढे पैसे द्यायचे आहेत’ असे उत्तर दिले तर ते जपून ठेवावे. त्या दिवशी पैसे आले नाहीत, तरी येणे मान्य झाले, आणि पुढचे प्रत्येक पत्र त्या कबुलीपासून सुरू करता येते.