फोटोतला तक्ता आणि न सांगितलेले रकाने

दूध संस्थेच्या नोंदवहीतल्या एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. सोबत एकच ओळ असते: ‘एवढं एक्सेलमध्ये करून द्या.’ पानावर नऊ रकाने असतात: तारीख, सत्र, सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. त्यातले कोणते हवेत, याबद्दल चकार शब्द नसतो.

‘कोणते रकाने हवेत?’ असं विचारलं, तर बहुतेकदा ‘सगळेच’ असं उत्तर मिळतं. ‘यातून काय काढायचंय?’ असं विचारलं, तर माणूस नेमकं सांगतो. सभासदांचं पेमेंट करायचं असेल, तर सभासद क्रमांक आणि रक्कम यांना महत्त्व येतं. दर कमी मिळाल्याची तक्रार असेल, तर सगळा भर फॅट आणि एसएनएफवर असतो. उत्तर येईपर्यंत मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावा, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि बारीक आकडे पुसट होतात.

उत्तर आलंच नाही, तर नऊही रकाने भरावेत. नको असलेला रकाना नंतर लपवता येतो. न भरलेल्यासाठी मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून बसावं लागतं. शिवाय जो रकाना बिनकामाचा वाटतो, तोच शेजारच्या आकड्याची साक्ष देतो.

समजा, एका ओळीत १.५ लिटर, दर ३६.४० आणि रक्कम ३४५.८० असं वाचलं. गुणाकार ५४.६० येतो. फोटो मोठा करून पाहिल्यावर कळतं, की तो १ नसून ९ आहे. ९.५ ला ३६.४० ने गुणलं, की बरोबर ३४५.८० येतात. हाताने लिहिलेल्या देवनागरीत १ आणि ९ यांची अशी गल्लत सहज होते. लिटर E मध्ये, दर H मध्ये आणि रक्कम I मध्ये असेल, तर दहाव्या रकान्यात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढावं:

```
=ROUND(E2*H2-I2,2)
```

जिथे शून्य येत नाही, ती ओळ फोटोशी पुन्हा ताडून पाहावी. त्यासाठी रक्कम सूत्राने न काढता कागदावर आहे तशीच टाइप केलेली हवी. नाहीतर प्रत्येक ओळ बरोबरच दिसेल.

या सूत्राला फॅटमधली चूक मात्र सापडत नाही. दर फॅट आणि एसएनएफवरून ठरतो. म्हणून गाईच्या आणि म्हशीच्या नोंदी वेगळ्या करून त्या फॅट-एसएनएफनुसार लावाव्यात. एकच दरपत्रक लागू असताना सारख्या आकड्यांपुढे वेगळा दर दिसला, तर तिथे काहीतरी चुकलंय.

चूक कागदावरच असेल, तर ती परस्पर दुरुस्त करू नये. आकडा तसाच ठेवून घर पिवळं करावं. वाचता न आलेलं घर रिकामं सोडून तेही पिवळं करावं आणि फाइलसोबत त्या घरांची यादी पाठवावी. खरा आकडा कोणता, हे नोंदवही ज्याच्या हातात आहे, त्यालाच ठरवता येतं.