साठ रुपयांच्या पाकिटात उरते काय?

बचत गटाचा व्यवसाय आराखडा ग्रामसंघापुढे येतो तेव्हा तो बहुधा दोनच पानांचा असतो. माल काय, कर्ज किती, नफा किती, एवढेच त्यात लिहिलेले. ‘उमेद’च्या रचनेत समुदाय गुंतवणूक निधीतले पैसे द्यायचे की नाही, हे ग्रामसंघातल्या बायकांनाच ठरवावे लागते. त्यासाठी गुण देण्याची पद्धत कामाला येते. मात्र गुण द्यायचे ते आकड्यामागच्या पुराव्याला. नाहीतर ज्या गटात अक्षर चांगले त्याला कर्ज मिळते.

सोलापूरकडचा एक नमुना घेऊ; आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. दहा जणींचा गट शेंगदाणा चटणी करणार आहे आणि मुख्यतः दळायच्या यंत्रासाठी ६०,००० रुपये मागतो आहे. शंभर गुणांपैकी खर्चाला ३०, मागणीला ३०, परतफेडीला २५ आणि जोखमीला १५ ठेवू.

सगळ्यात जास्त वेळ खर्चाला द्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे असते. गट लिहितो : १० किलो शेंगदाणे १,३०० रुपये, तिखट-लसूण-जिरे-मीठ मिळून एक किलो ३०० रुपये, गॅस आणि दळण १२० रुपये. एकूण ११ किलो, म्हणजे २०० ग्रॅमची ५५ पाकिटे. प्रत्येक पाकिटाला पिशवी-लेबलचे ४ रुपये. खर्च सुमारे ३५ रुपये, विक्री ६० रुपये, नफा २५ रुपये.

इथेच थांबून विचारायचे, भाजल्यावर शेंगदाणे किती उरले? पाणी आटते, साल निघते, थोडे जळके निवडून टाकावे लागतात. १० किलोचे ९ किलो धरले तर पाकिटे ५०च होतात आणि खर्च ३८ रुपये ४० पैशांवर जातो. पुढचा प्रश्न मजुरीचा. दोघी जणी दिवसभर राबल्या, त्यांचे प्रत्येकी ३०० रुपये कुठे आहेत? “घरचंच काम आहे,” असे उत्तर हमखास येते. पण शेतावर गेल्या असत्या तर तेवढी मजुरी मिळालीच असती. पाकिटामागे १२ रुपये वाढले. दुकानदार १५ टक्के घेतो, ते ९ रुपये. आता बेरीज होते ५९ रुपये ४० पैसे. साठ रुपयांच्या पाकिटात साठ पैसे उरले! खर्चाला ३० पैकी १२ गुण.

मागणीखाली लिहिले आहे, ‘महिन्याला ४०० पाकिटे, गावात चांगली मागणी’. गावात ही चटणी घरोघरी होते, तेव्हा गिऱ्हाईक बाहेरचेच हवे : तालुक्याची दुकाने, खाणावळी, आठवडी बाजार. पहिली खरेदी ओळखीपोटी होते. म्हणून एकाच दुकानाने दुसऱ्यांदा माल मागवल्याची नोंद पाहावी. इथे दोन दुकानांची अशी नोंद वहीत होती आणि बाजारात थेट विक्रीही चालू होती, म्हणून १८ गुण.

परतफेड चांगल्या महिन्यावर मोजू नये. ६०,००० रुपये २४ महिन्यांत फेडायचे, उरलेल्या मुद्दलावर दरमहा १ टक्का व्याज, तर पहिला हप्ता ३,१०० रुपयांचा. निम्मी पाकिटे दुकानात आणि निम्मी थेट विकून या भावात महिन्याला सुमारे २,००० रुपयेच उरतात. शिवाय दुकानदार उधारीवर माल घेतो. २५ पैकी ६ गुण. सभासदांची आधीची कर्जेही विचारावीत. एकाच घरात दोन-तीन ठिकाणचे हप्ते असतील तर चटणीचा पैसा तिकडेच जातो.

जोखमीत पाहायचे ते एवढेच : माल खवट होण्याआधी किती दिवसांत संपतो, ओल लागून बुरशी आलेले दाणे कोण निवडून काढते, अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का, भाजणारी बाई आजारी पडली तर दुसरीला जमते का. ९ गुण.

बेरीज ४५. आणि एक नियम आधीच ठरवलेला असावा : कोणत्याही एका भागात निम्म्यापेक्षा कमी गुण असतील तर बेरीज कितीही आली तरी आराखडा दुरुस्तीला परत जातो. हा नियम नसला तर मागणीचे गुण परतफेडीचा खड्डा झाकून टाकतात.

गटाने दुरुस्ती केली. यंत्र रद्द, दळण गावातल्या गिरणीवर, कर्ज ३०,००० रुपये, भाव ७० रुपये. आता थेट पाकिटामागे १९ रुपये ६० पैसे आणि दुकानातल्या पाकिटामागे ९ रुपये १० पैसे उरतात, महिन्याला ५,७४० रुपये. विक्री निम्म्यावर आली तरी २,८७० रुपये, आणि हप्ता १,५५० रुपये. बाजाराला जायचे भाडे यातून वजा करायचे आहे, तरी हप्ता निघतो. मात्र ७० रुपयांना दुकानदार पुन्हा माल मागवतो का, हे अजून दिसलेले नाही. म्हणून मागणीचे गुण वाढवू नयेत. अशा आराखड्याला मी आधी अर्धी रक्कम देईन आणि नव्या भावाची दुसरी मागणी वहीत दिसली की उरलेली.

एक विनंती. ज्या गटाचा आराखडा समोर आहे, त्यातल्या सभासदाने आणि तिच्या जावा-नणंदांनी त्या दिवशी गुण देऊ नयेत, आणि तसे इतिवृत्तात लिहून ठेवावे.