शिष्यवृत्तीचे पत्र कसे लिहावे



आपल्या पाड्यांवरील ज्या मुलींना शिष्यवृत्ती मिळते, त्यांना वर्षाअखेरीस ट्रस्टला प्रगतीचे पत्र लिहावे लागते. बहुतेक पत्रांत “आपल्या कृपेने अभ्यास चांगला चालला आहे” एवढेच असते. त्यावरून विश्वस्तांना काहीच ठरवता येत नाही. यंदा जव्हारकडच्या एका मुलीने वेगळे पत्र लिहिले. ती जीएनएम नर्सिंग शिकते. तिच्या परवानगीने ते येथे समजावून सांगते.

नमस्कारानंतरची पहिलीच ओळ अशी होती : “माझा बायोसायन्स हा विषय राहिला. शंभरपैकी ४१ गुण मिळाले, ५० हवे होते. बाकी विषयांत व प्रात्यक्षिकांत उत्तीर्ण आहे.” सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. ज्या पत्रात “काही विषय कठीण गेले” असे लिहिलेले असते आणि गुणपत्रिका नसते, तिथे बहुधा नापास झाल्याचे लपवलेले असते.

मग तिने कारण लिहिले. “अभ्यास कमी पडला” हे कारण कोणालाही लागू पडते, त्यामुळे त्यावर उपाय सुचत नाही. तिने लिहिले, “आश्रमशाळेत बारावीपर्यंत मराठीत शिकले. मूत्रपिंडाचे काम मला तोंडी सांगता येते, पण इंग्रजीत लिहिता येत नाही. म्हणून दोन मोठे प्रश्न कोरे सोडले.” अडचण विषयाची नसून भाषेची आहे, हे यावरून कळले.

पुढे हिशेब होता. मिळालेल्या ३०,००० रुपयांपैकी फी १८,०००, मेस ८,४००, पुस्तके व गणवेश २,४००. उरलेले १,२०० तिने भातलावणीच्या वेळी घरी पाठवले होते. तेही तिने लिहिले आणि सुट्टीत मजुरी करून ते परत भरीन, असे कळवले. घरी पाठवलेली रक्कम मेसच्या खर्चात मिसळली असती, तर पावत्यांशी बेरीज जुळली नसती. ट्रस्टला हा हिशेब तपासनिसापुढे ठेवावा लागतो. सरकारी शिष्यवृत्ती अजून खात्यात आलेली नाही, आली की कळवीन, असेही तिने लिहिले, कारण एकाच फीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत.

शेवटी तिने नेमके मागितले : पुरवणी परीक्षेची फी आणि इंग्रजीत उत्तरे लिहायला शिकवणारे कोणी.

विश्वस्तांनी फी भरली आणि वसतिगृहातील तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला रोज तासभर शिकवायला सांगितले. १,२०० रुपये पुढच्या हप्त्यातून वळते होतील. ती सूट मिळाली नाही. पुरवणी परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे. तो काहीही लागला तरी, पुढचे पत्रही असेच लिहायचे, असे तिने मला सांगितले आहे.