मुखत्यारपत्रातला ‘मी’ कोण?

तिघा भावंडांच्या नावावर एक शेतजमीन आहे, दोन भाऊ आणि एक बहीण. तिघेही नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याने मोजणी, फेरफार आणि पुढे विक्री यांसाठी त्यांनी गावच्या चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे ठरवले. मसुदा मात्र एकट्या पुरुषाच्या जुन्या दस्तावरून उतरवला गेला. ‘मी’ खोडून ‘आम्ही’ केले, ‘माझी’चे ‘आमची’ झाले आणि कागद सहीसाठी पुढे आला.

व्याकरणात तो चुकला नव्हता. ‘नेमतो’ आणि ‘नेमते’ हा भेद एकवचनात असतो; ‘आम्ही नेमतो’ म्हटले की स्त्री-पुरुष दोघेही त्यात येतात. ‘मुखत्यार नेमले आहे’ असे लिहिले तर तेवढीही अडचण उरत नाही, कारण ‘मी’, ‘आम्ही’ किंवा ‘कंपनीने’ यांपैकी काहीही आधी आले तरी क्रियापद तेच राहते. लिंगाचा प्रश्न मराठीत असा सहज सुटतो. खरा घोळ वचनाचा आहे.

मसुद्यात एक वाक्य होते : ‘लिहून घेणार यांनी त्यांच्या मिळकतीची विक्री करावी.’ मराठीत एका माणसालाही आदराने ‘यांनी’, ‘त्यांच्या’ म्हणतात. मग इथे ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या? तिघा भावंडांच्या, त्यांच्यापैकी एकाच्या, की खुद्द चुलतभावाच्या? बोलताना प्रसंगावरून ते कळते. पण मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. जो अधिकार शब्दांत नाही, तो दिलेला नाही असेच धरले जाते.

‘आमची मिळकत’ यातही तीच अडचण आहे. तिघांची मिळून असलेली जमीनच विकायची, की एकट्या बहिणीचा हिस्साही मुखत्याराला विकता येईल? म्हणून लिहून देणारांना क्रमांक द्यावेत आणि वाक्य असे बांधावे : ‘आम्ही लिहून देणार क्र. १ ते ३ यांनी सामाईक मिळकतीपुरते एकत्रितपणे आणि आपापल्या हिश्श्यापुरते स्वतंत्रपणे मुखत्यार नेमले आहे.’ स्वतंत्र विक्री नको असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

‘मी हयात असेपर्यंत’चे ‘आम्ही हयात असेपर्यंत’ करणे सर्वांत धोक्याचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूने मुखत्यारकी साधारणपणे संपते. तिघांतला एक गेला तर त्याच्यापुरती ती संपेल. पण उरलेल्या दोघांचे काय? दस्त गप्प असेल तर खरेदीदार तिथेच अडतो. ‘कोणा एकाच्या निधनानंतर इतरांनी दिलेला अधिकार त्यांच्यापुरता चालू राहील’ हे एक वाक्य त्यावरचा उपाय आहे.

पुष्कळ मसुद्यांत शेवटी ‘एकवचनात अनेकवचन आणि पुल्लिंगात स्त्रीलिंग समाविष्ट समजावे’ असे लिहितात. जनरल क्लॉजेस कायदा, १८९७ च्या कलम १३ मध्ये असा नियम आहे, पण तो कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे, खासगी दस्तांसाठी नाही. म्हणून आपल्या कागदात तो हवा असेल तर लिहावाच लागतो. मात्र त्याने ‘नेमतो’चे ‘नेमते’ होईल एवढेच. अधिकार एकत्रित की स्वतंत्र, हे त्यातून कळत नाही.

लिहून देणार कंपनी असेल तेव्हा केवळ शब्द बदलून भागतच नाही. ‘मी, कंपनीचा संचालक, माझ्या वतीने मुखत्यार नेमतो’ असे लिहिणे म्हणजे संचालकाने स्वतःचा अधिकार देणे. कंपनीने काहीच दिलेले नसते. तिथे ‘मी’ काढून कंपनीचे पूर्ण नाव घालावे आणि पुढे सगळीकडे ‘सदर कंपनी’ म्हणावे. वय, धंदा, राहणार यांच्या जागी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता यावा. ‘हयात’, ‘राजीखुशीने’, ‘माझे वारस’ हे शब्द कंपनीला लागू पडत नाहीत. त्याऐवजी संचालक मंडळाच्या ठरावाची तारीख आणि मुखत्यारकीची मुदत लिहावी.

सहीचेही तसेच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २२ प्रमाणे कंपनीचा शिक्का असेल तर असा अधिकार शिक्क्यानिशी लेखी द्यायचा. २०१५ च्या दुरुस्तीने शिक्का ऐच्छिक झाला. तो नसेल तर दोन संचालकांनी, किंवा कंपनी सचिव नेमलेला असल्यास एका संचालकाने आणि सचिवाने, अधिकार द्यायचा. म्हणजे लिहून देणार कंपनी एकच, पण सह्या दोन. त्या दोन सह्या पाहून मसुद्यात ‘आम्ही’ घालण्याची चूक हमखास होते. सह्यांच्या वर ‘कंपनीच्या वतीने’ हे शब्द असायलाच हवेत.

सही करण्याआधी मसुद्यातल्या प्रत्येक ‘मी’, ‘आम्ही’, ‘त्यांनी’, ‘त्यांच्या’खाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि वर नाव किंवा क्रमांक लिहा. ज्या शब्दावर काय लिहावे हे कळत नाही, किंवा दोन नावे लिहिता येतात, तो शब्द बदलून घेतल्याशिवाय सही करू नका.