मुंबईचा जुलै थंड का दिसतो?

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी येतात, आणि त्यांच्याबरोबर येतो तो तापमानाची रेषा अन् पावसाचे स्तंभ एकाच चौकटीत बसवणारा संयुक्त आलेख. खाली जानेवारी ते डिसेंबर, एका बाजूला अंश सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर. बारा स्तंभ, एक रेषा. विद्यार्थी सर्वांत उंच स्तंभ शोधतात, महिना लिहितात आणि मोकळे होतात. खरी गंमत मात्र रेषा आणि स्तंभ एकत्र वाचण्यात आहे.

मुंबईचाच आलेख घ्या. रेषा जानेवारीत साधारण २४ अंशांवरून निघते आणि मे महिन्यात ३० च्या आसपास पोहोचते. डिसेंबर ते एप्रिल स्तंभ जवळजवळ नाहीतच. जूनमध्ये ते एकदम उभे राहतात, जुलैत ८०० मिलिमीटरच्या पुढे जातात, आणि नेमकी त्याच वेळी रेषा खाली झुकते. जून-जुलैत सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तरी जुलै-ऑगस्टचं सरासरी तापमान मेपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी. कारण स्तंभांतच आहे: मोसमी ढग ऊन अडवतात आणि ओल्या जमिनीवरच्या बाष्पीभवनात उष्णता खर्च होते. सप्टेंबरनंतर स्तंभ बुटके होतात, ढग पांगतात आणि ऑक्टोबरमध्ये रेषा पुन्हा थोडी वर येते. घामाघूम करणारी 'ऑक्टोबर हीट' ती हीच.

आता ब्राझीलच्या दक्षिणेकडचं पोर्तो आलेग्रे पाहा. तिथे रेषा मधोमध खोलगट होते: जानेवारीत सुमारे २५ अंश, जुलैत १४ च्या आसपास. हिवाळा जून-जुलैत आहे, म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धातलं, हे नकाशा न पाहताही सांगता येतं. स्तंभांची उंचीही वर्षभर फारशी बदलत नाही. स्पष्ट पावसाळा असा नाहीच.

फसगत होते ती दोन ठिकाणी. रेषा एखाद्या स्तंभाला छेदून गेली, तर त्या छेदनबिंदूला काही अर्थ आहे असं वाटतं. तसा तो सहसा नसतो. अक्ष दोन, प्रमाणं दोन. पावसाचं प्रमाण बदललं की छेद दुसरीकडे सरकतो. दुसरी चूक तुलनेत होते. एका आलेखात एक सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिमीटर आणि शेजारच्या आलेखात ५० असेल, तर सारख्या उंचीच्या स्तंभांत दुपटीचा फरक असतो. म्हणून आधी अक्षांवरचे आकडे वाचावेत, मग आकृती.

शिवाय प्रत्येक स्तंभ ही सरासरी असते, बहुधा तीस वर्षांची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या आलेखातला जुलैचा अख्खा स्तंभ त्याहून बुटका आहे.